कापून नेलेली चौकट

जुन्या मासिकांचे अंक रद्दीच्या दुकानातून वजनावर विकत आणायची मला सवय आहे. त्या अंकांत कोड्याचे पान उघडले की पुष्कळदा तिथे एक खिडकी असते. कोणीतरी कात्रीने नीट चौकोन कापून नेलेला असतो आणि त्या भोकातून मागच्या पानावरचा मजकूर डोकावत असतो. कारण साधे आहे. बक्षिसाच्या कोड्याचे उत्तर छापील चौकटीतच भरून पाठवायचे, असा नियम असायचा. चौकट टपालाने गेली आणि मागे राहिली ती नुसती सूत्रे: आडवे १, आडवे ४, उभे २, उभे ३.

शब्दकोडे असेल तर अशा पानावरही थोडा वेळ घालवता येतो. सूत्र वाचून शब्द सुचतो, तो बरोबर वाटतो, समाधान होते. अंककोड्याचे तसे नाही. ‘आडवे ६: वर्गसंख्या, दोन अंकी’ एवढ्यावरून काय कळणार? १६, २५, ३६, ४९, ६४ आणि ८१ अशा सहा संख्या समोर येतात आणि सहाही सारख्याच बरोबर असतात. त्यांतली कोणती, हे सूत्र सांगत नाही. ते सांगते तिला छेदून जाणारी उभी संख्या. आणि कोण कोणाला कुठे छेदते, ते तर त्या कापून नेलेल्या चौकोनात होते.

म्हणून कित्येक वर्षे मी अशी पाने उलटून पुढे जात असे. मग एकदा लक्षात आले की चौकट पूर्णपणे गेलेली नसते. सूत्रांच्या डाव्या बाजूला जे क्रमांक छापलेले असतात, त्यांत ती दडलेली असते.

हे समजायला कोड्यातल्या घरांना क्रमांक कसे पडतात ते पाहावे लागेल. कोडे रचणारा काळी-पांढरी घरे ठरवतो आणि मग पुस्तकाचे पान वाचावे तसा, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली, एकेका घरावरून बोट फिरवत जातो. प्रत्येक पांढऱ्या घरापाशी तो दोन प्रश्न विचारतो. इथून आडवी संख्या सुरू होते का? म्हणजे डावीकडे चौकटीची कड किंवा काळे घर आहे आणि उजवीकडे पांढरे घर आहे, असे आहे का? आणि इथून उभी संख्या सुरू होते का? म्हणजे वर कड किंवा काळे घर आणि खाली पांढरे घर आहे का? दोन्हींपैकी एकाचे जरी उत्तर ‘हो’ आले तरी त्या घराला पुढचा क्रमांक मिळतो. दोन्ही ‘हो’ असली तरी क्रमांक एकच, फक्त तो आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही याद्यांत दिसतो. दोन्ही ‘नाही’ असली तर घर बिनक्रमांकाचे राहते.

या नियमात व्यक्तीच्या मर्जीला कुठेच जागा नाही. चौकट दिली की क्रमांक आपोआप ठरतात. म्हणूनच उलट प्रवास शक्य होतो: क्रमांक दिले तर चौकटीबद्दल बरेच काही सांगता येते. आणि यातली सर्वांत उपयोगी गोष्ट, जी मला फार उशिरा उमगली, ती ही की क्रमांक नसणे हीसुद्धा साक्षच आहे. पहिल्या ओळीतल्या एखाद्या पांढऱ्या घराला क्रमांक नसेल, तर त्याच्या खालचे घर काळेच असले पाहिजे. ते पांढरे असते तर तिथून उभी संख्या सुरू झाली असती आणि घराला क्रमांक मिळाला असता.

क्रमांकांची ही पद्धत पहिल्यापासून अशी नव्हती. आर्थर विन यांचे कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आले. आजच्या शब्दकोड्याची सुरुवात तिथून धरतात. त्याचा आकार पत्त्यांतल्या चौकटसारखा होता आणि प्रत्येक सूत्राला दोन क्रमांक होते, ‘२-३’ असे: शब्द कोणत्या घरात सुरू होतो त्याचा एक आणि कोणत्या घरात संपतो त्याचा दुसरा. पुढे शेवटाचा क्रमांक गळला आणि त्याऐवजी कंसात लांबी द्यायची पद्धत पडली. अमेरिकेत तर चौकट मुद्दाम न छापता कोडे द्यायचा एक प्रकारच रूढ झाला. त्याला ‘डायग्रॅमलेस’ म्हणतात. त्यात सूत्रे आणि चौकटीची लांबी-रुंदी एवढेच देतात, काळी घरे सोडवणाऱ्याने शोधायची. तेव्हा हरवलेली चौकट पुन्हा उभी करणे ही काही अशक्य गोष्ट नव्हे.

प्रत्यक्ष दाखवण्यासाठी मी एक लहान अंककोडे रचले आहे. चौकट देत नाही. वाचकाने गणिताची चौकटींची वही आणि पेन्सिल जवळ घेतली तर पुढचे सगळे बोटाने तपासत जाता येईल. कंसात संख्येतल्या अंकांची लांबी आहे.

आडवे
१. घनसंख्या (३)
४. आडवे ९ उलटे लिहून (३)
६. वर्गसंख्या (२)
८. मूळ संख्या (२)
९. तीनचा घात (३)
११. आडवे ६ च्या पटीतली संख्या (३)

उभे
१. वर्गसंख्या, वरून आणि खालून सारखीच वाचता येणारी (५)
२. मूळ संख्या (२)
३. घनसंख्या (५)
५. वर्गसंख्या (२)
७. घनसंख्या (२)
१०. मूळ संख्या (२)

चौकट पाच बाय पाच घरांची आहे. कोणतीही संख्या शून्याने सुरू होत नाही. आणि कोडी रचणाऱ्यांचा एक जुना शिरस्ता इथेही पाळला आहे: चौकट अर्धा फेरा फिरवून उलटी धरली तरी काळी घरे त्याच जागी दिसतात. म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ काळे घर सापडले की खालच्या उजव्या कोपऱ्याजवळचे त्याचे जुळे घरही काळे. पांढऱ्या घरांनाही हेच लागू.

अंकांकडे सध्या बघायचेच नाही. आधी फक्त काळे-पांढरे. वहीत पाच बाय पाच घरे आखून घ्या आणि तीन खुणा ठरवा: नक्की पांढऱ्या घरात बारीक टिंब, नक्की काळे ते रंगवायचे आणि जे अजून ठाऊक नाही ते कोरे. टिंब आणि कोरे यांत गल्लत झाली की पुढची सगळी मेहनत वाया जाते. माझ्या बहुतेक चुका इथेच झाल्या आहेत. न ठरलेले घर मी नकळत पांढरे धरून पुढे गेलो होतो.

उभे १ पाच अंकी आहे आणि ओळी पाचच आहेत, म्हणून क्रमांक १ पहिल्याच ओळीत हवा. तो डाव्या कोपऱ्यात धरू. (तो दुसऱ्या घरात धरून पाहिला तर क्रमांक ५ ला जागाच उरत नाही. तिसऱ्यात धरला तर जुळ्या घरांच्या नियमाने डावा कोपरा पांढरा होतो आणि १ हा क्रमांक तोच पटकावतो. हे दोन्ही मी करून पाहिले आहे.) आडवे १ तीन अंकी, म्हणून पहिल्या ओळीतली पहिली तीन घरे पांढरी आणि चौथे काळे. उभे १ मुळे डावीकडचा पूर्ण स्तंभ पांढरा.

आता जुळ्या घरांचा नियम लावा. डावा स्तंभ पूर्ण पांढरा असेल, तर उजवा स्तंभही पूर्ण पांढरा. म्हणजे पहिल्या ओळीच्या पाचव्या घरातून एक पाच अंकी उभी संख्या सुरू होते आणि त्या घराला क्रमांक असलाच पाहिजे. उभ्या याद्यांत पाच अंकी संख्या दोनच आहेत, १ आणि ३. एकची जागा ठरली आहे, तेव्हा उजव्या कोपऱ्यात ३.

मग २ कुठे? तो १ आणि ३ यांच्या मध्ये, पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या घरात. दुसऱ्या घरात धरून पाहू. उभे २ दोन अंकी आहे, म्हणून दुसऱ्या ओळीतले दुसरे घर पांढरे होते. त्याच्या डावीकडचे घर तर डाव्या स्तंभातले, म्हणजे पांढरेच. तिथून एक आडवी संख्या सुरू होते आणि तिला ४ हा क्रमांक मिळतो. आडवे ४ तीन अंकी, म्हणून दुसऱ्या ओळीतले तिसरे घरही पांढरे. पण मग पहिल्या ओळीतल्या तिसऱ्या घराच्या खाली पांढरे घर आले, तिथून उभी संख्या सुरू झाली आणि त्या घराला क्रमांक हवा. आपण तर २ दुसऱ्या घराला देऊन बसलो आहोत आणि ३ उजव्या कोपऱ्यात आहे. मधे क्रमांक उरलेला नाही. हे जमत नाही.

म्हणून २ तिसऱ्या घरात. आणि इथे बिनक्रमांकाचे घर बोलते: पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या घराला क्रमांक नाही, तेव्हा त्याच्या खालचे घर काळे. उभे २ दोन अंकी असल्याने दुसऱ्या ओळीतले तिसरे घर पांढरे आणि त्याखालचे, म्हणजे चौकटीच्या बरोबर मध्यावरचे, काळे. तीन काळी घरे हाती आली: पहिल्या ओळीतले चौथे, दुसऱ्या ओळीतले दुसरे आणि मधले. पहिल्या दोघांची जुळी घरे म्हणजे पाचव्या ओळीतले दुसरे आणि चौथ्या ओळीतले चौथे. मधले घर स्वतःचेच जुळे.

एवढे झाल्यावर दुसऱ्या ओळीतले चौथे घर तेवढे अडते. ते काळे असते तर त्या ओळीत आडवी संख्या कुठेच बसली नसती आणि ४ तिसऱ्या ओळीत ढकलावा लागला असता. पण तिसऱ्या ओळीच्या मध्यावर काळे घर आहे, तिथे तीन अंकी संख्या मावतच नाही. तेव्हा ते घर पांढरे. आडवे ४ दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या घरातून सुरू होऊन उजव्या कडेपर्यंत जाते. त्या चौथ्या घराच्या वर काळे घर आहे आणि त्याला क्रमांक ५ मिळतो. यादीत ५ फक्त उभ्यांत आहे आणि दोन अंकी आहे, म्हणून तिसऱ्या ओळीतले चौथे घर पांढरे. त्याखाली काळे घर आधीच आहे, लांबी बरोबर दोन भरते. उरलेल्या दोन घरांची जुळी घरे पांढरी ठरली, म्हणून तीही पांढरी.

चौकट अशी उभी राहिली:

```
१ □ २ ■ ३
□ ■ ४ ५ □
६ ७ ■ ८ □
९ □ १० ■ □
□ ■ ११ □ □
```

आता एक तपासणी, जी कधीही टाळू नये. क्रमांक सगळे विसरायचे आणि नुसत्या काळ्या-पांढऱ्या घरांवरून बोट फिरवत ते नव्याने टाकायचे. आपण क्रमांक ५ च्या पुढे काहीच वापरलेले नव्हते. तरीही ६ तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला आडवा येतो, ७ त्याच्या शेजारी उभा, ८ पुन्हा आडवा, ९ चौथ्या ओळीत आडवा, १० उभा आणि ११ शेवटच्या ओळीत आडवा. लांब्याही यादीशी जुळतात. निम्म्या याद्यांवरून आकार काढला आणि उरलेल्या निम्म्यांनी त्याला दुजोरा दिला, की हात निर्धास्त होतो. दुजोरा मिळाला नाही, तर मागे जाऊन कोरे घर कुठे पांढरे धरले ते शोधायचे.

अंकांकडे वळताना पहिली नजर कोपऱ्यावर जाते, कारण तिथे आडवे १ आणि उभे १ एकच घर वाटून घेतात. तीन अंकी घनसंख्या पाचच आहेत: १२५, २१६, ३४३, ५१२ आणि ७२९. त्यांचे पहिले अंक १, २, ३, ५ आणि ७. उभे १ दोन्ही बाजूंनी सारखे वाचले जाते, म्हणून त्याचा पहिला अंक तोच शेवटचा. आणि वर्गसंख्येच्या शेवटी २, ३ किंवा ७ कधीच येत नाही. उरले १ आणि ५. ज्या वर्गसंख्येच्या शेवटी ५ असतो, तिच्या शेवटी २५ असतात. मग उलटसुलट सारखी होण्यासाठी ती ५२ ने सुरू व्हायला हवी. पण २२५ चा वर्ग ५०६२५ आणि त्यानंतरच्या २३५ चा ५५२२५, मधे काही नाही. तेव्हा पहिला अंक १ आणि आडवे १ म्हणजे १२५.

एकने सुरू होणाऱ्या आणि एकनेच संपणाऱ्या पाच अंकी वर्गसंख्या नऊच आहेत आणि त्यांतल्या तीनच दोन्हीकडून सारख्या वाचल्या जातात: १०२०१, १२३२१ आणि १४६४१. निवड करते आडवे ९. तीनचे तीन अंकी घात दोनच, २४३ आणि ७२९. आडवे ९ चा पहिला अंक हा उभ्या १ चा चौथा अंक आहे, म्हणजे तिन्ही पर्यायांत अनुक्रमे ०, २ किंवा ४. दोघांत समान फक्त २. म्हणून उभे १ म्हणजे १२३२१, जो १११ चा वर्ग आहे, आणि आडवे ९ म्हणजे २४३.

इथून पुढे गाडी उतारावर लागते. आडवे ४ हे २४३ उलटे लिहून, म्हणजे ३४२. उभे २ आपोआप ५३ झाले आणि ती मूळ संख्या आहे, म्हणजे वाट चुकलेली नाही. आडवे ६ तीनने सुरू होणारी वर्गसंख्या, म्हणजे ३६. उभे ७ सहाने सुरू होते आणि आडव्या ९ मधला ४ तिच्या वाट्याला आधीच आलेला आहे: ६४, चारचा घन. उभे ५ चारने सुरू होणारी वर्गसंख्या, ४९.

आडवे ८ नऊने सुरू होणारी मूळ संख्या. इथे घाई करणारा फसतो, कारण ९१ मूळ संख्येसारखी दिसते. पाढ्यांत ती सहसा भेटत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. पण सात त्रिक एकवीसच्या पुढे जाऊन सात गुणिले तेरा करून पाहिले की ९१ येतात. नव्वदीतली मूळ संख्या एकच, ९७. समजा कोणी ९१ लिहून पुढे गेला, तर उभे ३ मध्ये त्याचे दुसरा अंक २ आणि तिसरा अंक १ असे होईल. २३ चा घन १२१६७ तसा आहेही! चूक अजून उघडी पडत नाही. ती उघडी पडते अगदी शेवटी: आडव्या ११ चा शेवटचा अंक ७ होतो आणि ३६ च्या पटीत विषम संख्या असूच शकत नाही. चुकीची खूण तीन पावले पुढे जाऊन सापडते, हे अंककोड्यात नेहमीचे आहे. म्हणून विसंगती दिसली की शेवटचे घर खोडून भागत नाही. शेवटची अशी संख्या शोधायची, जी सूत्राने सिद्ध न होता नुसती पटली म्हणून लिहिली होती.

९७ धरल्यावर उभ्या ३ चे मधले दोन अंक २ आणि ७ होतात. दुसरा अंक २ असलेले पाच अंकी घन तीनच आहेत: १२१६७, ३२७६८ आणि ४२८७५. तिसरा अंक ७ असलेला त्यांतला एकच, ३२७६८. तो ३२ चा घन. उभे १० तीनने सुरू होणारी मूळ संख्या, ३१ किंवा ३७. म्हणून आडवे ११ ची सुरुवात १ किंवा ७ ने आणि शेवट ८ ने. ३६ च्या पाढ्यात १०८ बसते. सातशेच्या घरात ७२०, ७५६ आणि ७९२ एवढ्याच संख्या येतात, आठने संपणारी एकही नाही. तेव्हा १०८ आणि उभे १० म्हणजे ३१.

```
१ २ ५ ■ ३
२ ■ ३ ४ २
३ ६ ■ ९ ७
२ ४ ३ ■ ६
१ ■ १ ० ८
```

खरी जुनी पाने मात्र इतकी सोज्वळ नसतात. कधी सूत्रे दुसऱ्या कोणाकडून हाताने उतरवून आलेली असतात आणि ‘आडवे’ व ‘उभे’ ही दोन शीर्षके चुकून अदलाबदल झालेली असतात. चौकट समोर असती तर लांब्या लगेच विसंगत दिसल्या असत्या. चौकट नसतानाही लपत नाही. वरच्या कोड्याची शीर्षके बदलून पाहा: आडवे १ पाच अंकी होते, पहिली ओळ पूर्ण भरते आणि २ उभ्यांत नसल्याने तिच्या खालची चार घरे काळी करावी लागतात. मग तिसऱ्या ओळीत क्रमांक ३ पाच अंकी बसवायचा, तिथे जागा दोनच घरांची. तीन क्रमांकांतच हे खोटे उघडे पडते. क्रमांक डावीकडून उजवीकडे, वरून खाली टाकलेले असल्याने आडव्या-उभ्याची दिशा त्यांच्यात पक्की मुरलेली असते.

लांब्या कंसात दिलेल्या नसल्या, तर काम बरेच अवघड होते. नुसते ‘मूळ संख्या’ म्हटले तर ती दोन अंकी की चार अंकी हे कळत नाही. अशा वेळी सूत्राच्या पोटात लांबीचा काही धागा आहे का ते पाहावे लागते. ‘आडवे ९ उलटे लिहून’ या सूत्रातून दोन्ही संख्यांची लांबी सारखी आहे एवढे तरी हाती लागते. जुळ्या घरांचा शिरस्ता पाळलेला नसेल तर आणखी पंचाईत. मग प्रत्येक वळणावर दोन-दोन शक्यता धरून वेगळ्या कागदावर पुढे जावे लागते आणि कधी एकापेक्षा जास्त चौकटी शेवटपर्यंत टिकून राहतात. त्यांतली खरी कोणती, हे अंक भरूनच कळते.

कात्रीने नेलेल्या चौकटीबरोबर कधी शेजारच्या सूत्राचीही कड जाते. याचे पहिले निदान सोपे आहे: दोन्ही याद्या एकत्र धरून १ पासून शेवटपर्यंत क्रमांक मोजायचे. मधला एखादा दोन्हीकडे नसेल, तर त्या क्रमांकाचे सूत्र गेले. पण क्रमांक गेला तरी घर गेलेले नाही, ते अमुक दोन क्रमांकांच्या मध्ये आहे हे आपल्याला माहीतच असते. किती नुकसान झाले हे मात्र कोणते सूत्र गेले त्यावर ठरते. वरच्या कोड्यात चौकट काढून झाल्यावर उभे २ चे सूत्र गेले, तर अंकांचे काहीच बिघडत नाही. ५३ हे आडव्या संख्यांनीच भरले होते, सूत्राने फक्त मान डोलावली होती.

उभे ५ चे सूत्र गेले, तर निराळे. आडवे ८ आता ९ ने सुरू होते असे म्हणता येत नाही. तरी उभे ३ सुटते, कारण तीन घनांपैकी १२१६७ आणि ४२८७५ विषम आहेत आणि आडवे ११ ला समच अंक लागतो. म्हणजे ३२७६८ नक्की आणि आडवे ८ च्या शेवटी ७ नक्की. बाकीचे सगळे कोडे पूर्वीसारखेच भरते. तिसऱ्या ओळीतले चौथे घर तेवढे उरते. सातने संपणाऱ्या दोन अंकी मूळ संख्या पाच: १७, ३७, ४७, ६७ आणि ९७. पाचही तितक्याच खऱ्या. अशा घरात मी एकही अंक ठळक लिहीत नाही. कोपऱ्यात पेन्सिलीने १, ३, ४, ६, ९ असे बारीक टिपून अंक परत कपाटात ठेवतो.